काच कुठे बघते आहे?

निवृत्त मराठी शिक्षक असलेल्या एका गुरुजींचा अमृतमहोत्सव होता. गौरव अंकाच्या मुखपृष्ठासाठी त्यांचा फोटो हवा म्हणून त्यांच्या लेकीने मला घरी बोलावलं. दिवाणखान्यात खुर्ची ठेवली, शेजारी दोन फूट लांबी-रुंदीचा सॉफ्टबॉक्स लावला आणि पाच-सहा फोटो काढले. पडद्यावर बघितलं तर चेहरा सुरेख आला होता, पण चष्म्याच्या वरच्या अर्ध्या भागात दोन पांढरे चौकोन चमकत होते. लेक एवढंच म्हणाली, "बाबांचे डोळेच दिसत नाहीत."

चष्मा काढून फोटो घेण्याचा पर्याय आम्ही एकदा करून बघितला. नाकावर दोन्ही बाजूंना पॅडचे लाल खड्डे, दिसत नसल्याने बारीक झालेले डोळे, आणि चेहरा असा की घरातल्यांनाही क्षणभर परका वाटावा. पन्नास वर्षं चष्मा लावणाऱ्या माणसाचा चष्मा हा त्याच्या चेहऱ्याचाच भाग असतो. फ्रेममधून काचा काढून नुसती फ्रेम घालायची ही जुनी युक्तीही मला पटत नाही. जाड उणे नंबराच्या काचेतून गालाची कड थोडी आत सरकलेली दिसते, डोळा लहान दिसतो. काच नसेल तर हे सगळं जातं आणि जवळच्या माणसांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा चष्मा राहील, काचाही राहतील आणि डोळे दिसतील, असाच मार्ग शोधायला हवा.

तो शोधण्यासाठी आधी एक साधी गोष्ट मनात पक्की करावी लागते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने चष्म्याची काच हा एक फिका आरसा आहे. कॅरमच्या कडेवर सोंगटी ज्या कोनात आदळते त्याच कोनात परतते, तसाच प्रकाश काचेवरून परततो. म्हणून प्रश्न 'दिवा किती प्रखर आहे' हा नसतो. कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं तर या आरशात खोलीचा कोणता भाग दिसतो आहे, हा खरा प्रश्न असतो. त्या भागात दिवा असेल तर चमक येणार, मंद केला तरी येणार. त्या भागात दिवा नसेल तर कितीही प्रखर असला तरी येणार नाही. दिव्याचं बटण फिरवण्यात वेळ घालवणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत; बटणाचा इथे काहीही उपयोग नाही.

आता ही काच नेमकी कुठे बघते? चष्मा बाजूने नीट पाहिला तर काच अगदी उभी नसते असं लक्षात येईल. तिची खालची कड गालाकडे कललेली असते, साधारण आठ-दहा अंश. वाचताना नजर खाली जाते म्हणून चष्मा तसा बसवतात. याचा अर्थ माणूस सरळ बसलेला असताना काच थोडी खाली बघत असते, आणि परतणाऱ्या प्रकाशाचा कोन दुप्पट होत असल्याने डोळ्यांच्या उंचीवर असलेल्या कॅमेऱ्याला काचेच्या मध्यभागी सुमारे सोळा-वीस अंश खालचा भाग दिसतो: मांडी, टीपॉय, फरशी. काच थोडी फुगीर असल्याने कडांना त्याच्या वर-खालचा आणि आजूबाजूचाही भाग येतो. नेहमीच्या फुगवट्याच्या काचेत हा पट्टा वर जवळजवळ डोळ्यांच्या रेषेपर्यंत पोहोचतो, जास्त फुगीर काचेत त्याच्याही दहाएक अंश वर.

म्हणजे मान सरळ असेल आणि दिवा डोळ्यांपेक्षा पुरेसा वर असेल तर चष्मा मुळात आपल्याच बाजूने असतो. बिघाड होतो तो आपण ही मेहेरबानी घालवतो म्हणून.

गुरुजींच्या बाबतीत ती दोन प्रकारांनी गेली होती. पहिलं कारण मी स्वतः होतो. मी त्यांना म्हणालो होतो, "गुरुजी, जरा ताठ बसा." वयस्कर माणसाला ताठ बसा म्हटलं की पाठ फारशी सरळ होत नाही, हनुवटी मात्र वर जाते. हनुवटी आठ अंश वर गेली की काचेतलं दृश्य सोळा अंश वर सरकतं, कारण आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब फिरतं. घड्याळातल्या एका मिनिटाच्या रेषेचं अंतर सहा अंशांचं असतं; आठ अंश म्हणजे त्याहून जेमतेम थोडं जास्त. एवढ्याशा हालचालीने दिवा काचेत आला होता. दुसरं कारण त्यांची लेक. ती सॉफ्टबॉक्सशेजारी उभी राहून बाबांशी बोलत होती, म्हणून गुरुजींचा चेहरा आपोआप तिच्याकडे, म्हणजे दिव्याकडे वळत होता. चेहरा कॅमेरा आणि दिवा यांच्या मधोमध रोखला गेला की चमक सर्वांत वाईट येते. मी त्यांना कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायला सांगितलं. चेहरा दिव्यापासून जरासा दूर वळला आणि एक काच तर न सांगताच स्वच्छ झाली.

दिव्याकडची काच मात्र अजून चमकत होती. तीच आधी चमकते आणि सर्वांत शेवटी सुटते, कारण फ्रेम चेहऱ्याभोवती थोडी वळलेली असल्याने प्रत्येक काच आपापल्या बाजूला किंचित बाहेर बघत असते. म्हणून तपासताना नजर त्याच काचेवर ठेवावी.

इथून पुढचं काम दिव्याचं. सॉफ्टबॉक्सचा मध्य किती उंच आहे हे बघायची सवय आपल्याला असते. चष्म्यासाठी त्याची खालची कड बघायची. काचेत पहिल्यांदा घुसते ती तीच. गुरुजी बसले असताना त्यांचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर होते. सॉफ्टबॉक्स त्यांच्यापासून चार फूट लांब आणि त्याचा मध्य सहा फुटांवर होता. ऐकायला ही उंची ठीक वाटते, मध्य डोळ्यांच्या वर सव्वीस-सत्तावीस अंशांवर येतो. पण खालची कड जेमतेम चौदा अंशांवर होती, आणि हनुवटी वर गेली की काच तिथपर्यंत सहज पोहोचत होती. मी स्टँड एक फूट वर घेतला आणि सॉफ्टबॉक्स चेहऱ्याकडे झुकवला. मध्य सात फुटांवर गेला तशी खालची कड पंचवीस अंशांवर गेली. एका फुटाने एवढा फरक पडतो. छत साडेनऊ फुटांचं होतं म्हणून हे जमलं. जिथे छत खाली असेल किंवा स्टँड पुरत नसेल, तिथे माणसाला बुटक्या स्टुलावर बसवावं. डोळे सहा इंच खाली आले तरी दिवा तेवढाच वर गेल्यासारखा होतो.

यावरून मोठा दिवा चष्म्याला जास्त त्रास का देतो हेही कळेल. मोठ्या छत्रीचा प्रकाश त्वचेला छान असतो, पण तिची खालची कड फार खाली उतरते. चष्म्याच्या माणसासाठी मी घरात दोन फुटांहून मोठा सॉफ्टबॉक्स सहसा नेत नाही.

मग दिवा अजून वर, अगदी डोक्यावर का नेऊ नये? नेला तर काच साफ होते, पण फ्रेमच्या वरच्या कडेची सावली डोळ्यावर पडते, भुवईखाली खोल काळोख होतो आणि डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका जातो. तो ठिपका गेला की डोळा मेल्यासारखा दिसतो, आणि मग चमक घालवून आपण मिळवलं काय? सुदैवाने मधे एक जागा असते, आणि मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा हाही आरसाच आहे, पण तो गोटीसारखा गोल आहे. त्याच्या गोलाईची त्रिज्या आठ मिलिमीटरच्या आसपास असते. चष्म्याच्या काचेची दहा-बारा सेंटिमीटर असू शकते. गोटीत अख्खी खोली दिसते, सपाटसर काचेत तिचा एक तुकडा. म्हणजे दिवा अशा जागी ठेवता येतो जिथे तो डोळ्याला दिसतो आणि काचेला दिसत नाही. दिवा हळूहळू वर नेत जायचा. काचेतला चौकोन वरच्या कडेतून निघून गेला की तिथेच थांबायचं. बुबुळात वरच्या बाजूला छोटा ठिपका अजून असेल. आणखी वर नेलं तर तोही पापणीआड जाईल.

गुरुजींच्या काचेत आता वरच्या कडेशी चमकेची एक बारीक रेघ तेवढी उरली होती. ती मानेने काढायची होती. इथे "हनुवटी खाली घ्या" असं म्हणू नये. तसं म्हटलं की माणूस हनुवटी गळ्यात खुपसतो, गळ्याला वळ्या पडतात आणि चेहरा ओढल्यासारखा होतो. मी म्हणालो, "गुरुजी, कपाळ किंचित माझ्याकडे आणा, जणू मी हळू बोलतोय आणि तुम्ही ऐकताय." डोकं पुढे येतं, आपोआप तीन-चार अंश खाली झुकतं, आणि गळा ताणलेला राहतो. काचेतलं दृश्य त्याच्या दुप्पट खाली गेलं आणि रेघ नाहीशी झाली.

मान झुकवायची नसेल, किंवा वयामुळे झुकत नसेल, तर काडी उचलावी. चष्म्याच्या दोन्ही काड्या कानावरून साधारण एक सेंटिमीटर वर उचलून केसांत टेकवायच्या, नाकावरची जागा तशीच ठेवायची. काच पाच-सहा अंशांनी खाली कलते, प्रतिबिंब दहा-बारा अंशांनी सरकतं, आणि समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही. केस लांब असतील तर हे अगदी झाकलं जातं. टक्कल असेल किंवा चेहरा खूप वळवलेला असेल तर कानावर तरंगणारी काडी दिसते, तेव्हा हा उपाय नको. कानामागे कापसाची छोटी गुंडाळी ठेवली तर काडी घसरत नाही. सेंटिमीटरच्या पुढे मात्र जाऊ नये. फ्रेमची वरची कड खाली येऊन डोळा कापायला लागते.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो सविस्तर सांगायला हवा. "कॅमेरा वर घ्या, चमक जाते," असं सांगतात. हे अर्धंच खरं आहे. कॅमेरा वर गेला आणि चेहरा जागेवर राहिला, तर काचेतलं दृश्य तेवढंच खाली सरकतं आणि फायदा होतो. पण कॅमेरा वर गेला की माणूस स्वाभाविकपणे मान उचलून त्याच्याकडे बघतो. मान तितकीच उचलली गेली की तिच्यामुळे दृश्य दुप्पट वर जातं, कॅमेऱ्यामुळे एकपट खाली, आणि जमाखर्च शेवटी तोट्यात निघतो. दुसऱ्या शब्दांत, चेहरा आणि कॅमेरा एकत्र वर गेले म्हणजे दिवा तेवढा खाली आला असंच समजायचं. म्हणून कॅमेरा वर घेताना सूचना हवी ती अशी: "मान तशीच ठेवा, फक्त डोळे माझ्याकडे." गुरुजींच्या वेळी मी सात फुटांवरून फोटो घेत होतो. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेहून फक्त सहा इंच वर घेतला. चार अंश मिळाले, तेवढे पुरले. फूट-दीड फूट वर गेलो असतो तर कपाळ मोठं, हनुवटी लहान आणि फ्रेमची वरची कड बरोबर बाहुलीवर आली असती.

याची उलट बाजूही उपयोगी पडते. दिवा वर नेता येत नाही आणि छतही खाली आहे, अशा वेळी कॅमेरा खाली घ्यावा आणि माणसाला चेहरा त्याच्याकडे झुकवायला सांगावा. चेहरा कॅमेऱ्याला पूर्वीसारखाच दिसतो, पण दोघांच्या दृष्टीने दिवा वर गेलेला असतो. चेहरा झुकला नाही तर मात्र नाकपुड्या दिसतील.

आता वाटलं काम झालं. पण फोटो मोठा करून बघितला तर काचेच्या खालच्या भागात दुधाळ धूसरपणा होता, दव धरल्यासारखा. काच पुसली, तरी तसाच. ही दिव्याची चमक नव्हती. आधी सांगितलं तसं, काच खाली बघत असते, आणि आम्ही सगळं खाली ढकलल्यावर ती गुरुजींच्या मांडीवरच रोखली गेली होती. तिथे पांढरंशुभ्र धोतर होतं, सॉफ्टबॉक्सच्या प्रकाशात उजळलेलं. शिवाय सावली भरण्यासाठी मी त्यांच्या गुडघ्यांवर पांढरा थर्माकोल ठेवला होता. माझ्याच हाताने काचेसमोर दुसरा दिवा ठेवल्यासारखं झालं. थर्माकोल उचलून चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला, जवळजवळ गालाच्या रेषेत उभा केला, म्हणजे तो काचेच्या टप्प्याबाहेर गेला. मांडीवर घरातलीच गडद तपकिरी शाल पसरली, फोटोच्या चौकटीच्या खाली. धूसरपणा गेला आणि बुबुळाचा रंग दिसू लागला. तेव्हापासून माझ्या पिशवीत काळ्या कापडाचा दोन मीटरचा तुकडा कायम असतो, आणि चष्मेवाल्यांचे फोटो काढताना मी पांढरा सदरा घालत नाही.

चमक कुठून येते हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे, फक्त डोळा बरोबर कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जागी हवा. भिंगाच्या अर्धा फूट बाजूला उभं राहून काच साफ दिसते आणि फोटोत येत नाही, याचं कारण हेच. तिथून बघितलं की चष्म्यात एक छोटी खोली दिसते. ती वाचायची. चौकोन असेल तर सॉफ्टबॉक्स, लांब रेघ असेल तर ट्यूबलाइट, गजांच्या रेघा असतील तर खिडकी. शंका असेल तर कुणाला तरी एकेका दिव्यापुढे हात फिरवायला सांगावं. जो ठिपका मिचकावेल त्याचा मालक सापडला. फ्लॅशने फोटो काढत असाल तर ट्यूबलाइट बहुधा फोटोत उतरणार नाही, पण एलईडीने काढत असाल तर खोलीतला प्रत्येक दिवा, चालू टीव्हीसुद्धा, मोजावा लागतो.

सॉफ्टबॉक्स नाही, मोबाइल आणि खिडकी एवढंच आहे, अशांसाठी हाच हिशेब थोडा वळवावा लागतो. खिडकी वर उचलता येत नाही आणि तिची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली असते. मग दोनच गोष्टी हातात राहतात. एक, खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड चादरीने झाका, म्हणजे खालची कड वर गेली. दोन, माणसाला असं बसवा की खिडकी पूर्ण बाजूला येईल आणि चेहरा तिच्यापासून किंचित वळलेला असेल. खिडकीला पाठ लावून तुम्ही उभे आणि माणूस खिडकीसमोर, ही मांडणी चष्म्यासाठी सर्वांत वाईट. दोन्ही काचांत खिडकी आणि तिच्यात तुमची काळी आकृती येईल.

कोटिंग असलेल्या काचांबद्दल लोक निर्धास्त असतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परततो. चांगल्या कोटिंगने तो एका टक्क्याच्याही खाली येतो. पण दिवा थेट काचेत आला तर तेवढाही पुरतो, फक्त चमक पांढरी न राहता हिरवी किंवा जांभळट होते. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर ती निळसर असते आणि त्वचेजवळ फार खुपते. भिंगावर लावायचा पोलरायझर फिल्टर इथे फारसा कामाचा नाही. काचेकडे तिरकं, पन्नास-साठ अंशांनी बघितलं तर तो उत्तम काम करतो, दुकानाच्या शोकेससाठी घ्यावा. चेहऱ्यासमोरून फोटो काढताना कोन इतका लहान असतो की चमक जवळपास तशीच राहते, आणि वर प्रकाश अर्ध्याहून कमी होतो.

गुरुजींच्या चष्म्याचा उणे सहाचा नंबर होता, आणि तिथे एक मर्यादा आली. अशा काचेची पुढची बाजू जवळजवळ सपाट असते, पण मागची बाजू बरीच वळलेली असते आणि तीही आरशासारखी वागते. जास्त वळणाचा आरसा जास्त खोली बघतो. त्यामुळे पुढचा चौकोन गेल्यावरही मागच्या पृष्ठभागाचा एक बारीक, तीव्र ठिपका दिव्याकडच्या काचेत राहिला. तो घालवायला दिवा आणखी वर न्यावा लागला असता, आणि मग डोळ्यातलाच प्रकाश गेला असता. मी वेगळं केलं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट होता. दिवा जिथे होता तिथेच ठेवून मुख्य फोटो घेतला, मग गुरुजींना तसंच बसवून सॉफ्टबॉक्स अर्धा फूट वर उचलून लगेच दुसरा घेतला, ज्यात तो ठिपका सरकला होता. गरज पडली तर संगणकावर तेवढा तुकडा दुसऱ्या फोटोतून आणता यावा म्हणून.

पण गरज पडली नाही. काड्या अगदी थोड्या, अर्धा सेंटिमीटर उचलल्यावर ठिपका बाहुलीवरून सरकून फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात गेला. लेकीने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "हा राहू द्या, चष्मा आहे हे कळायला नको का?" अंकाच्या मुखपृष्ठावर तो तसाच छापला आहे, डाव्या काचेच्या कोपऱ्यात, आणि दोन्ही डोळे मोकळे आहेत.